समस्येच्या विधानाचा रकाना

श्रोतेहो, दिलेल्या साच्यात केस स्टडीचा अहवाल कसा लिहावा, हा आजचा जाहीर विषय आहे आणि त्या साच्याचे सगळे भाग घेण्याचे मी कबूल केले आहे. तरीही आधीच सांगतो की माझा जीव त्यातल्या एकाच रकान्यात गुंतलेला आहे. सारांश, पार्श्वभूमी, समस्येचे विधान, विश्लेषण, पर्याय, शिफारस, अंमलबजावणी आणि परिशिष्टे हा क्रम तुमच्या परिचयाचा आहे. हा क्रम वाचणाऱ्याच्या सोयीचा आहे. लिहिणारा जर त्याच क्रमाने रकाने भरत गेला, तर अहवाल तिसऱ्या रकान्यातच वाट चुकतो, हे मी अहवाल तपासताना वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

वर्गासाठी मी स्वतः रचलेली एक केस घेऊ. फर्निचर बनवणाऱ्या एका कंपनीच्या ऑर्डरी उशिरा पोहोचतात, ग्राहक तक्रार करतात आणि उत्पादन प्रमुख कापणीचे नवे यंत्र मागतात. बहुतेक विद्यार्थी समस्येच्या रकान्यात लिहितात, 'कंपनीकडे पुरेशा उत्पादनक्षमतेचा अभाव आहे.' हे वाक्य वाचले की मला मनापासून वाईट वाटते, कारण लिहिणाऱ्याने मेहनत केलेली असते, पण केसमधल्या एका पात्राचे मत त्याने कंपनीची समस्या म्हणून उतरवून घेतलेले असते. 'अभाव' हा शब्द आला की तेथे थांबावे. बहुधा त्या शब्दाच्या आड एखादा उपाय दडलेला असतो. यंत्राचा अभाव म्हटले की शिफारस यंत्र घेण्याचीच होणार, मग विश्लेषणाला करण्यासारखे काही उरत नाही.

आता त्याच केसचे परिशिष्ट उघडू. एका महिन्यात २०० ऑर्डरी होत्या आणि त्यांपैकी ६० उशिरा गेल्या. पुढच्या तक्त्यात, ऑर्डर निश्चित झाल्यानंतर ग्राहकाने बदल मागितलेल्या ऑर्डरी वेगळ्या दाखवल्या आहेत. अशा ऑर्डरी ५० होत्या आणि त्यांतल्या ४८ उशिरा पोहोचल्या. बदल न झालेल्या १५० पैकी केवळ १२ उशिरा गेल्या. हे दोन्ही आकडे शेजारी मांडणे आवश्यक आहे, कारण 'उशिराच्या ६० पैकी ४८ बदललेल्या' एवढेच लिहिले तर एकूण ऑर्डरींत बदललेल्या किती होत्या, हे वाचणाऱ्याला कळत नाही. कापणीचे सध्याचे यंत्र सरासरी ७० टक्के वेळ चालू असते, असेही तिथे नोंदवले आहे. एवढ्यावरून यंत्राचा प्रश्न निकालात निघत नाही, कारण सरासरीत गर्दीचे दिवस झाकले जातात. तसे अहवालात स्पष्ट लिहावे. परंतु बदलांच्या तारखा पाहिल्या की त्यांतले बहुतेक बदल कापणी सुरू झाल्यानंतरचे निघतात, आणि विक्री प्रतिनिधींचा बोनस ऑर्डरच्या रकमेवर ठरतो, हे पार्श्वभूमीतले एक साधेसे वाक्य एकदम बोलू लागते: ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून प्रतिनिधी उशिराचा बदलही नाकारत नसावेत.

एवढे झाल्यावर तिसऱ्या रकान्याकडे परत यावे आणि लिहावे: 'कापणी सुरू झाल्यानंतर मागितलेले बदलही विक्री विभाग स्वीकारतो, आणि महिन्यात बदललेल्या ५० ऑर्डरींपैकी ४८ उशिरा पोहोचल्या; बदल केव्हापर्यंत आणि कोणत्या अटींवर स्वीकारावेत, हे विक्री व उत्पादन प्रमुखांनी येत्या तिमाहीपूर्वी ठरवायचे आहे.' या विधानात काय घडते, किती घडते, निर्णय कोणाचा आणि केव्हापर्यंतचा, हे सारे आले आहे; उपाय मात्र आलेला नाही. पहिला मसुदा पेन्सिलीने लिहावा असे मी वर्गात सांगतो, ते याच रकान्यासाठी.

संयोजकांनी वेळ संपत आल्याची खूण केली आहे, तेव्हा उरलेला साचा झपाट्याने घेतो. पर्यायांच्या भागात आधी निकष लिहावेत आणि ते समस्येच्या विधानातूनच काढावेत. येथे वेळेवर पोहोचणे, गमावली जाणारी विक्री आणि अमलात आणायला लागणारा काळ हे तीन पुरेत. पर्यायही तीनच घ्यावेत: कापणीनंतर बदल बंद करणे, बदलासाठी जादा आकार आणि नवी तारीख देणे, आणि आहे तसे चालू ठेवणे. शेवटचा पर्याय विद्यार्थी गाळतात, परंतु तुलनेला तोच आधार असतो.

शिफारस एकच असावी. मी दुसरा पर्याय घेईन आणि त्याने काही ग्राहक नाराज होतील, हे तिथेच लिहीन. अंमलबजावणीत प्रत्येक कामापुढे जबाबदार व्यक्तीचे पद, तारीख आणि मोजमाप हवे. बोनसचा नियम तसाच राहिला तर विक्री प्रतिनिधी जादा आकार माफ करत राहतील, म्हणून तो बदलणे हे पहिले काम. मजकुरात ज्याचा उल्लेख नाही, असा तक्ता परिशिष्टात ठेवू नये. सारांश साच्यात पहिला असला तरी तो सर्वांत शेवटी लिहावा आणि त्याची सुरुवात कंपनीच्या इतिहासाने न करता शिफारशीने करावी.