चहा निवतो कसा

(परभणीत बारावीच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

लेकरांनो, आपल्याकडे पाहुण्याला चहा दिला की म्हणतात, "घ्या, निवतोय." किती वेळात निवतो, हे मात्र कुणी सांगत नाही. आज तेच काढू.

डिसेंबरची सकाळ धरा. खोलीत २० अंश, कपात चहा ८०. पाच मिनिटांनी थर्मामीटर ६५ दाखवतो. आता दहाव्या मिनिटाला किती? वर्गात विचारलं की निम्मे हात वर येतात आणि उत्तर येतं ५०. पाच मिनिटांत पंधरा अंश गेले, पुढच्या पाचात आणखी पंधरा जातील असा तो हिशेब. तसंच धरलं, तर विसाव्या मिनिटाला चहा खोलीइतका होईल आणि पंचविसाव्याला खोलीपेक्षा थंड!

चूक अशी की आपण चहाचं तापमान बघतो, चहा आणि खोली यांच्यातलं अंतर बघत नाही. हे अंतर आधी ६० होतं, पाच मिनिटांनी ४५ झालं, म्हणजे पाऊण. पुढच्या पाच मिनिटांत ४५ चं पाऊण, पावणेचौतीस. म्हणून चहा पावणेचोपन्न अंशांवर. दर पाच मिनिटांना पाऊण, पुन्हा पाऊण. हाच न्यूटनचा निवण्याचा नियम. समीकरणात तो असा लिहितात:

dT/dt = -k(T - R)

डावीकडे तापमानाचा विकलज, म्हणजे या क्षणाला चहा किती वेगानं निवतोय ते. T म्हणजे चहाचं तापमान, R खोलीचं, आणि k म्हणजे कप किती झपाट्यानं निवतो ते सांगणारा आकडा. अंतर मोठं तर वेग मोठा, अंतर निम्मं तर वेगही निम्मा. आपल्या कपासाठी k येतो मिनिटाला सुमारे ०.०५७५. चहा बशीत ओतला की पृष्ठभाग वाढतो, थर पातळ होतो, आणि k एकदम वाढतो. आजोबा बशीतून भुरके मारायचे ते उगीच नाही.

आता हाच कप मे महिन्याच्या दुपारी ठेवा. खोली ४० अंश. चहा ६० वर आला की पिता येतो असं समजू. डिसेंबरात अंतर ६० वरून ४० व्हायला सात मिनिटं लागतात. मे मध्ये ते ४० वरून २० व्हायला हवं, म्हणजे निम्मं, आणि त्याला लागतात बारा मिनिटं. कप तोच, चहा तोच.

इथपर्यंत पुस्तकातलं. पण मी घरी खरंच थर्मामीटर घेऊन बसलो, तेव्हा गुणोत्तर पाऊणवर टिकेना. सुरुवातीला ०.७०, मग ०.७५, शेवटी ०.८० च्याही वर. एकदा तर आलेखात मध्येच कोपरा आला. कारण सोपं होतं, लाईट गेली आणि पंखा बंद पडला. न्यूटनचा या विषयावरचा लेख १७०१ साली निनावी छापला गेला. त्यात तापलेलं लोखंड त्यानं शांत हवेत नाही, तर एकसारख्या वाहत्या वाऱ्यात ठेवलं होतं. शांत हवेत गरम वस्तूच आपल्याभोवतीची हवा वर उठवते, आणि जितकी गरम तितकी जास्त. मग k स्थिर राहत नाही.

पण पंखा नीट चालू असतानाही उघड्या कपात गुणोत्तर सरकतंच. तिथे दोषी वाफ. डिसेंबरच्या खोलीत चहा ८० वरून ५० वर आला की अंतर निम्मं होतं, पण पाण्याच्या वाफेचा दाब जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतो. वाफेवाटे जाणारी उष्णता अंतराच्या प्रमाणात जातच नाही. खातरी करायची तर कपावर बशी झाका. निवणं मंदावेल, पण गुणोत्तर बरंचसं एका जागी बसेल. वहीत वेळेसमोर अंतराचा लॉगॅरिदम मांडा. नियम लागू असेल तर सरळ रेषा येते, नसेल तर ती वाकते.

एक सावधगिरी. R चुकीचा धरला तरी रेषा वाकते. सकाळी खोली मोजून ३२ लिहिली, प्रयोग दुपारी ४० मध्ये केला, की गुणोत्तर तसंच वाढत जातं. वाफेवर आळ घेण्याआधी खोली पुन्हा मोजा.

आणि मे मधला तो उघडा कप तसाच विसरलात तर? समीकरण म्हणतं, चहा ४० च्या जवळ जात राहील, खाली कधी जाणार नाही. माझा चहा संध्याकाळी ३६ वर होता, आणि खोली अजून ४० च. बाष्पीभवन थांबलेलं नव्हतं. आपल्या कोरड्या हवेत माठातलं पाणी हवेपेक्षा गार होतं, तसाच हा कपही झिरपता नसला तरी वरून वाफ सोडत होता. म्हणून उघड्या कपासाठी R च्या जागी खोलीचं तापमान नको, तो कप शेवटी जिथे स्थिरावतो ते तापमान घाला. माझ्या वहीतला शेवटचा भाग ३६ धरून पुन्हा मांडला, तेव्हा रेषा सरळ झाली. वरचा, पहिल्या दहा मिनिटांचा भाग मात्र वाकलेलाच राहिला.