शाई काढा, सावली ठेवा

(छायाचित्रकारांच्या मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय 'टी-शर्टवरचा छापा काढणे' असा दिलाय. मगाशी चहाच्या रांगेत एकजण म्हणाले, "हिलिंग ब्रश घ्यायचा नि फिरवायचा, त्यात भाषण कसलं?" ते कुठे बसलेत मला दिसतंय. आजचं भाषण त्यांनाच अर्पण.

एके दिवशी सकाळी शटर उघडतोय तर पायरीवर एक मुलगा बसलेला. वडील आदल्या दिवशी गेले होते. फ्रेम हवी होती. अलीकडचा बरा फोटो एकच, पुतण्याच्या हळदीतला. काका मनमोकळं हसतायत, पण अंगात पिवळा टी-शर्ट आणि छातीवर गडद हिरव्या अक्षरांत ग्रामपंचायतीच्या एका पॅनेलचा प्रचार. शेवटची ओळ : 'पुन्हा एकदा!' आता भावपूर्ण श्रद्धांजलीच्या वर हे कसं चालणार? त्यात पोरगा स्वतः विरुद्ध पॅनेलमधून उभा राहिलेला! (हसा, हसा. तोही नंतर हसला.) मी म्हटलं, कोट-टाय चढवतो, आपल्या सगळ्यांकडे तयार असतात. तर आई मागून म्हणाल्या, "ह्यांनी जन्मात कोट घातला नाही ओ." संपलं. मग मुलगा म्हणाला, "भाऊ, तेवढं पुसूनच द्या, दोन मिनिटांचं काम." हे 'दोन मिनिटांचं काम' मी वीस वर्षं ऐकतोय. लग्नाच्या अल्बमला कोणी दोन मिनिटं म्हणत नाही, पुसायलाच म्हणतात.

मीही आधी दोन मिनिटांचंच केलं. अक्षरं सिलेक्ट केली, कंटेंट-अवेअर फिल मारलं. अक्षरं गेली, पण छातीचा पाट झाला. खांद्यावरून निघालेली चुणी अक्षरांच्या जागी बेपत्ता आणि पोटावर पुन्हा हजर. हिलिंग ब्रशने तर कडेला हिरवट डाग पडले. तो ब्रश पोत दुसरीकडून आणतो, पण रंग आसपासचा पाहून जुळवतो. आसपास हिरवं उरलं असेल तर तो इमानदारीने हिरवंच पसरवणार. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या जेपेगमध्ये रंग अक्षराच्या कडेबाहेरही थोडा झिरपलेला असतो, म्हणून सिलेक्शन तीन-चार पिक्सेल बाहेर घ्यावं लागतं.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. म्हणजे मुख्य मुद्दा आता पाच मिनिटांत.

मुद्दा असा, की चुणी हरवलेलीच नसते. कापडावर पडलेला उजेडच छाप्यावरही पडलेला असतो. त्या फोटोत उजेडातलं पिवळं कापड होतं, लाल-हिरवा-निळा या क्रमाने, साधारण 225, 195, 90 आणि चुणीच्या सावलीतलं 150, 130, 60, म्हणजे दोन तृतीयांश. हिरवी शाई उजेडात 30, 90, 50 आणि सावलीत 20, 60, 33. तीही दोन तृतीयांशच! मग पुसायचं कशाला? शाईचा रंग गुणून कापडाच्या रंगावर आणायचा. फक्त अक्षरांच्या सिलेक्शनवर लेव्हल्स घ्या आणि पांढरं टोक लालमध्ये 34, हिरव्यात 118, निळ्यात 142 वर आणा. हे आकडे त्या फोटोचे. तुम्ही अक्षराला लागून असलेलं कापड आणि अक्षर, दोन्ही एकाच उजेडात मोजा, शाईला कापडाने भागा आणि 255 ने गुणा. 30 भागिले 225 गुणिले 255 म्हणजे 34. अक्षरं पिवळी होतात आणि चुणी आपोआप वर येते.

पण लाल साडेसात पटीने ताणला गेला, त्यामुळे तिथे दाणे उठतात. म्हणून यातली फक्त सावली घ्यायची. एवढाच भाग गॉसियन ब्लर करा, विणीचे टाके दिसेनासे होतील पण चुणी राहील इतकाच. माझ्या फोटोत 8 पिक्सेल पुरले. मग पोटावरच्या स्वच्छ कापडाची नुसती वीण उचलून वर लिनिअर लाइटमध्ये ठेवायची. होजिअरीच्या टाक्यांच्या उभ्या ओळी असतात. चुणी जिकडे वळते तिकडे त्या वळल्या पाहिजेत, म्हणून तुकडा फिरवून बसवा, आणि एकच तुकडा दोनदा नको. शेवटी कडेची हिरवी रेघ क्लोनने. आता हिरवं उरलेलं नाही, त्यामुळे हिलिंगही चालतो.

हे कुठे फसतं? फ्लॅशमध्ये पांढरी अक्षरं 255 ला टेकली असतील तर आत सावली शिल्लकच नसते, चुणी हाताने रंगवावी लागते. रबरासारखा जाड छापा चमकतो, तिथेही हिशोब चुकतो. काम जमलं का हे पाहायला वर एक तात्पुरता, खूप चढ-उताराचा कर्व्ह टाका. अक्षरांचं भूत असेल तर लगेच दिसतं.

माझं भूत छातीवर नव्हतं. फ्रेम घरी गेली, हार घातला, आणि मुलाचा फोन आला : "भाऊ, बाहीवर चिन्ह राहिलंय." मी म्हटलं, आलोच. तर म्हणाला, "राहू द्या, आईने हार तिकडे सरकवलाय."