चारशे टन कशाचे? नव्या युनिटची बातमी आणि व्यापारी मासिकाचा संपादक

श्रोतेहो, नमस्कार.

उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा या पट्ट्यात एखादे नवे युनिट सुरू झाले की त्याची बातमी दोन दिशांना जाते. पहिली दिशा बेळगावातल्या दैनिकांची. तिथे पूजा कोणाच्या हस्ते झाली, व्यासपीठावर कोण होते आणि स्वागत कोणी केले हे छापून येते, आणि तसे येणे योग्यही आहे, कारण दैनिकाचा वाचक त्या माणसांना ओळखतो. दुसरी दिशा व्यापारी मासिकाची, म्हणजे ओतकाम, मशिन टूल्स किंवा हायड्रॉलिक्स या क्षेत्रासाठी पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या नियतकालिकाची. अडचण अशी होते की दैनिकासाठी लिहिलेला मजकूरच इंग्रजीत उतरवून या दुसऱ्या दिशेला रवाना केला जातो, आणि मग महिनाभर काहीच छापून आले नाही म्हणून मालक खट्टू होतात. अशा एका मासिकाच्या संपादकीय टेबलावर मी काही वर्षे काम केले आहे. आलेले प्रसिद्धिपत्रक आम्ही कोणत्या नजरेने वाचत होतो, ते आज एकाच उदाहरणाच्या आधाराने सांगतो.

हे उदाहरण कल्पित आहे, पण आपल्या भागाला धरून आहे. उद्यमबागेतल्या एका मध्यम फाउंड्रीने होनग्याला प्लॉट घेऊन दुसरे युनिट उभारले आहे. तिथे एक टनाची, ७५० किलोवॅटची इंडक्शन भट्टी बसवली आहे, एक अर्धस्वयंचलित मोल्डिंग लाइन आहे, आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी एसजी आयर्नमध्ये ओतण्याचा विचार आहे. प्रसिद्धिपत्रकाच्या पहिल्या परिच्छेदात चेअरमन साहेबांच्या दूरदृष्टीचा उल्लेख आहे, दुसऱ्यात ‘अत्याधुनिक’ आणि ‘जागतिक दर्जाचे’ हे शब्द आहेत, आणि तिसऱ्यात एक आकडा आहे: मासिक क्षमता ४०० टन. संपादक पहिले दोन परिच्छेद न वाचताच ओलांडतो आणि या आकड्यापाशी थांबतो. त्याचा प्रश्न एकच असतो, चारशे टन कशाचे?

हा प्रश्न खवचटपणाचा नाही. त्या मासिकाचे वर्गणीदार म्हणजे पुण्याच्या कारखान्यातला कास्टिंग खरेदी करणारा अधिकारी, शिरोलीचा फाउंड्रीवाला, भट्ट्या विकणारा विक्रेता. ही मंडळी आकडा वाचल्याबरोबर मनात हिशेब मांडतात, म्हणून तो हिशेब आपणही मांडून पाहू. एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६०० युनिट वीज लागते. त्यामुळे ७५० किलोवॅटची भट्टी, माल भरणे, मळी काढणे, नमुना तपासणे आणि ओतणे हे सारे धरून, तासाला जेमतेम एक हीट देते. दोन पाळ्यांचे सोळा तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले की चारशे तास होतात, म्हणजे चारशे हीट आणि चारशे टन. मालकाने खोटे काही लिहिलेले नसते. भट्टी पुरवणाऱ्याच्या कोटेशनमधला आकडा त्याने जसाच्या तसा उचललेला असतो. पण हे चारशे टन आहेत पातळ धातूचे, आणि तेही भट्टी एक तासही रिकामी राहिली नाही तर.

प्रत्यक्षात अस्तर बदलणे, वीज जाणे, पॅटर्न बदलणे यांत चारशेपैकी तीनशे तासच हाती लागतात असे धरू. मग धातू तीनशे टन झाला. एसजी आयर्नमध्ये रनर आणि रायझर तोडून काढल्यावर ओतलेल्या धातूपैकी साठ टक्क्यांच्या आसपास वजन कास्टिंगमध्ये उरते; बाकीचे पुन्हा भट्टीत जाते. म्हणजे तीनशे टन धातूतून कास्टिंग १८० टन. आता साच्यांकडे वळू. लाइन तासाला पन्नास साचे देते आणि दर साच्यात सरासरी दहा किलो कास्टिंग बसते, म्हणजे तासाला पाचशे किलो आणि तीनशे तासांत दीडशे टन. भट्टी १८० टनांपुरता धातू देऊ शकत असली तरी लाइन दीडशेवरच अडते, त्यामुळे युनिटची खरी क्षमता लाइनच ठरवते. त्यातून सुरुवातीच्या काळातले पाच टक्के रिजेक्शन वजा केले तर विक्रीयोग्य माल सुमारे १४० टन उरतो.

आता प्रसिद्धिपत्रकात चारशे लिहावे की एकशे चाळीस? बहुतेक मालकांना एकशे चाळीस लिहिणे जिवावर येते, कारण शेजारच्याने मागच्या वर्षी पाचशे छापून आणलेले असते. पण ज्या खरेदी अधिकाऱ्यासाठी ही बातमी द्यायची आहे, तो उद्या पुरवठादाराची तपासणी करायला होनग्याला येणार आहे, आणि त्याच्या तपासणीच्या पत्रकात भट्टीचा किलोवॅट आणि तासाला किती साचे हे दोन्ही रकाने असतात. म्हणून ‘वितळण क्षमता ताशी एक टन, दोन पाळ्यांत दरमहा सुमारे १४० टन विक्रीयोग्य एसजी आयर्न कास्टिंग’ असे लिहिलेले वाक्य संपादकाला लगेच पटते, कारण त्यात आकडा कशाचा आहे हे स्पष्ट आहे. शिवाय फोन करून विचारण्याचे त्याचे कष्ट वाचतात, आणि अंक बंद होण्याच्या आठवड्यात त्याला याची किंमत फार असते.

दुसरी जागा तारखेची. ‘युनिट कार्यान्वित झाले’ हे वाक्य आपल्याकडे पूजेच्या दिवशी लिहिले जाते. भट्टीसाठी उच्चदाबाची वीजजोडणी लागते. हेस्कॉमची ती जोडणी मिळाली आहे का, प्रदूषण नियंत्रण मंडळाची युनिट चालवण्याची संमती हाती आली आहे का, आणि आत्ता चालू आहे ते चाचणी उत्पादन की ग्राहकाला बिल करून दिलेला माल, या तीन गोष्टींवर त्या वाक्याचा खरेपणा ठरतो. चाचणीच चालू असेल तर तसे लिहिण्यात काहीच कमीपणा नाही. ‘चाचणी हीट सुरू आहेत, व्यापारी उत्पादन पुढील तिमाहीत’ एवढे लिहिले तर संपादक छोटी बातमी आत्ता घेतो आणि उत्पादन सुरू झाल्यावर सविस्तर लेखासाठी स्वतःच विचारतो. एकदा मात्र ‘कार्यान्वित’ म्हणून छापले आणि एखादा ग्राहक बंद शेड पाहून परतला, तर त्या पत्त्यावरून आलेले पुढचे प्रसिद्धिपत्रक बाजूला पडते.

आता मेलबद्दल. प्रसिद्धिपत्रक जोडून ‘कृपया प्रसिद्धी द्यावी’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. विषयाच्या ओळीत काय, कुठे आणि किती हे यावे: ‘हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडीसाठी नवी एसजी आयर्न फाउंड्री, बेळगाव, दरमहा १४० टन’. त्याखाली संपादकाला उद्देशून चार-पाच वाक्ये असावीत आणि त्यांत ही बातमी त्याच्याच वाचकांच्या कामाची का आहे ते यावे. आपल्या उदाहरणात ते कारण असे सांगता येईल: बेळगावातल्या हायड्रॉलिक्स बनवणाऱ्या कारखान्यांना दाबाखाली न झिरपणाऱ्या बॉडी लागतात, त्यांतल्या काही आजवर बाहेरून येत होत्या, आणि नव्या युनिटमध्ये कोअर शॉप आणि झिरप-चाचणीची सोय एकाच छपराखाली केली आहे. हे खरे असेल तरच लिहावे, हे वेगळे सांगायला नको. त्यानंतर कास्टिंगचे वजन किती ते किती, ग्रेड कोणती, उदाहरणार्थ एसजी ५००/७, आणि गुंतवणूक सांगायची असेल तर ती जमीन धरून की यंत्रसामग्रीपुरती, एवढे पुरे. मूळ मजकूर मेलमध्येच चिकटवावा. स्कॅन केलेल्या लेटरहेडची फाइल पाठवली तर संपादकाला तो सगळा मजकूर पुन्हा टाइप करावा लागतो, आणि ते तो करत नाही.

मासिकाचे वेळापत्रक दैनिकासारखे नसते, त्यामुळे ज्या अंकात बातमी हवी त्याच्या सहा ते आठ आठवडे आधी मेल गेलेला बरा; ओतकामाच्या मोठ्या प्रदर्शनाआधी विशेषांक निघतो, त्याच्यासाठी आणखी लवकर. त्याच मेलमध्ये ‘आम्ही अर्ध्या पानाची जाहिरातही देऊ’ असे मात्र लिहू नये. मेल गेल्यावर जाहिरात विभागाचा फोन येईल, तो त्यांच्या कामाचा भाग आहे, आणि त्यांच्याशी व्यवहार वेगळा करावा. पैसे देऊन छापलेला मजकूर जाहिरात म्हणूनच छापला जातो, आणि वाचकही तो तसाच वाचतो.

छायाचित्राबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सगळे नीट असूनही बातमी इथे अडते. फीत कापतानाचे छायाचित्र दैनिकाला द्यावे. मासिकाला हवी असते ती चालू लाइन, भट्टी, किंवा तपासणीच्या टेबलावरचे कास्टिंग, आणि तेही मूळ फाइलमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेले चित्र आकसलेले असते आणि छपाईत फुटते. पाठवण्याआधी ते मोठे करून कोपरान्‌कोपरा पाहावा. लाडल धरलेल्या कामगाराच्या पायात चप्पल असेल किंवा डोळ्यांवर चष्मा नसेल तर जबाबदार संपादक ते चित्र घेत नाही, आणि घेतले तर ग्राहकाचा सुरक्षा अधिकारी ते पाहतो. दुसरी गोष्ट मागच्या रॅकवरची. कास्टिंगच्या अंगावर ग्राहकाची खूण आणि पार्ट नंबर ओतलेला असतो, चांगल्या कॅमेऱ्यात तो स्पष्ट वाचता येतो, आणि ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असेल तर ते एक छायाचित्र पुढची ऑर्डर अडवू शकते. मजकुरातही ग्राहकाचे नाव त्याच्या लेखी परवानगीशिवाय घालू नये. ‘पुण्यातील मोबाइल हायड्रॉलिक्स उत्पादक’ एवढ्या वर्णनावर संपादकाचे काम भागते.

मेलनंतर आठवडा-दहा दिवसांनी एक फोन करावा, एकच. ‘छापणार का’ असे न विचारता ‘काही माहिती हवी आहे का’ असे विचारावे. छापण्याआधी मजकूर दाखवा असा आग्रह धरू नये, संपादक तो मान्य करत नाहीत. मात्र आकडे एकदा पडताळून घेऊ का, असे विचारले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. त्यासाठी प्रसिद्धिपत्रकाच्या तळाशी संपर्क म्हणून दिलेले नाव कारखान्यातल्या माहितगार माणसाचे हवे. बहुतेक वेळा तिथे ऑफिसमधल्या एखाद्याचा नंबर असतो, त्याला लाइनवर तासाला किती साचे पडतात हे ठाऊक नसते, आणि तो ‘साहेब बाहेर आहेत, उद्या करा’ असे सांगून फोन ठेवतो. प्रॉडक्शन पाहणाऱ्याचा नंबर द्यावा, आणि दरमहा १४० टन हा आकडा कसा आला ते त्याला आधी समजावून ठेवावे, म्हणजे संपादकाने विचारल्यावर त्याच्या तोंडून चारशे निघणार नाही.