चाबी ऑन, सेल्फ नंतर

[दृश्य: दारव्ह्यातलं गॅरेज. जुन्या डिझेल गाडीचा डॅशबोर्ड जवळून. चाबी फिरते, दिवे लागतात.]

चाबी ऑनच्या खाचेवर आली की मीटरवर लाल-पिवळे दिवे एकदम लागतात. बॅटरी, ऑइल, इंजिन, एबीएस, एअरबॅग, हँडब्रेक, आणि डिझेल गाडी असेल तर पिवळी वेटोळी, म्हणजे हीटरची खूण. गाडी नवीन शिकणारा हमखास विचारतो, "सारेच लाइट लागले भाऊ, गाडी खराब हाय का?" मिस्त्री हसतो. त्याला काळजी वाटते ती न लागलेल्या दिव्याची.

आपल्याकडे बरेच जण चाबी एका झटक्यात सेल्फपर्यंत नेतात. त्या घाईत ऑनची खाच डोळ्यांसमोरून निघून जाते आणि कोणता दिवा लागला, कोणता नाही, हे कळतच नाही.

आधी ऑइलचा लाल दिवा पाहू. इंजिनच्या ब्लॉकवर एक छोटा स्विच बसवलेला असतो. ऑइलचं प्रेशर नसेल तेव्हा तो जोडलेला राहतो आणि दिव्याची वायर बॉडीला, म्हणजे अर्थला, मिळते. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे प्रेशर शून्य. म्हणून चाबी ऑन केल्यावर हा दिवा लागलाच पाहिजे. इंजिन सुरू झालं, प्रेशर चढलं की स्विच सुटतो आणि दिवा दोनेक सेकंदांत विझतो.

[दृश्य: बॉनेटखाली उंदरानं कुरतडलेली वायर.]

आता ही वायर तुटली तर? दिवा कधीच लागणार नाही. रस्त्यात ऑइल सांडून गेलं तरी मीटर शांतच राहील. पावसाळ्यात आठ-आठ दिवस गोठ्यामागे उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर वायरी कुरतडतात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. वायर तुटलेली गाडी आणि ठणठणीत गाडी, चालताना दोघींचं मीटर सारखंच दिसतं. फरक दिसतो तो फक्त ऑनच्या खाचेवर. हे दिवे सुरुवातीला लावून दाखवण्याचं कारण हेच.

बॅटरीच्या दिव्याची गोष्ट आणखी मजेदार आहे, आणि ट्रॅक्टरवाल्यांच्या जास्त कामाची. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरला, ज्याला गावात अजूनही डायनामो म्हणतात, चार्जिंग सुरू करायला बॅटरीकडून थोडा करंट लागतो. तो करंट त्याच दिव्याच्या बल्बमधून जातो. अल्टरनेटर फिरून स्वतः करंट देऊ लागला की बल्बच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखे व्होल्ट होतात, मग बल्बमधून काही वाहत नाही आणि तो विझतो. म्हणजे तो बल्ब नुसता इशारा देत नाही, चार्जिंगच्या कामातही सामील असतो.

वरुडकडच्या संत्र्याच्या बागेतला एखादा ट्रॅक्टर घ्या. फवारणीला दिवसभर कमी रेसवर फिरतो आणि दर थोड्या दिवसांनी बॅटरी बसते. मालक म्हणतो, "बॅटरी बदलून पायली, काई फरक नाई." मिस्त्री आधी चाबी ऑन करायला सांगतो. बॅटरीचा दिवा लागतच नाही. बल्ब उडालेला. त्यामुळे कमी रेसवर अल्टरनेटर जागाच होत नव्हता. जोरात रेस दिली की कधी पकडायचा, कधी नाही. अशा वेळी हजारोंची बॅटरी घेण्याआधी बल्ब पाहावा. तो बदलताना त्याच वॅटचा टाकायचा, कमी वॅटच्या बल्बमधून पुरेसा करंट जात नाही. काही अल्टरनेटरमध्ये बल्बला जोडून वेगळा रेझिस्टर असतो, त्यांना ही अडचण येत नाही.

[दृश्य: एबीएस आणि एअरबॅगचा दिवा. आधी एबीएस विझतो, मग एअरबॅग.]

एबीएस आणि एअरबॅगचे दिवे वेगळ्या जातीचे. त्यांच्यामागे छोटे कॉम्प्युटर असतात. चाबी ऑन होताच ते आपल्या वायरी आणि सेन्सर तपासतात, तोवर दिवा लावून ठेवतात आणि सगळं ठीक असेल तर विझवतात. यासाठी इंजिन सुरू लागत नाही. साधारण तीन ते सात सेकंदांत हे दिवे आपोआप जातात, आणि दोन कॉम्प्युटर वेगळे असल्यानं बहुधा मागेपुढे जातात. ऑइल आणि बॅटरीचे दिवे मात्र इंजिन सुरू होईपर्यंत जळत राहतात. चेक इंजिनचा दिवाही बहुतेक गाड्यांत तोवर राहतो, काहींत थोड्या वेळानं विझतो.

हा फरक जुनी गाडी घेताना कामी येतो.

[दृश्य: गॅरेजच्या अंगणात विकायला आलेली सात सीटर गाडी.]

एका शाळेतले सर गाडी पाहायला आले. रंग झकास, टायर नवे. विकणाऱ्यानं चाबी फिरवली, गाडी पहिल्याच सेल्फला उचलली, मीटर स्वच्छ. सर खूश. मिस्त्री म्हणाला, "सर, बंद करा अन् पुन्हा चाबी ऑन करा. सेल्फ नोका मारू. नुसतं पायत राहा."

दिवे लागले. एबीएस विझला. एअरबॅग जळतच राहिला, दहा सेकंद, वीस सेकंद. "आता मारा सेल्फ." इंजिन सुरू झालं आणि ऑइल अन् एअरबॅग, दोन्ही एकाच क्षणी गेले.

एअरबॅगच्या कॉम्प्युटरला ऑइलच्या प्रेशरशी काही देणंघेणं नसतं. मीटर खोलल्यावर मागे एक बारीक वायर निघाली. एअरबॅगचा बल्ब ऑइलच्या बल्बला जोडून दिला होता. कारणही उघड होतं: गाडीला कधीतरी टक्कर झाली, बॅग फुटली, खर्च वाचवायला नवी बसवलीच नाही. कॉम्प्युटर दिवा कायम पेटता ठेवणार, म्हणून बल्बच त्याच्यापासून तोडला. नुसता काढला असता तर ऑन केल्यावर न लागलेला दिवा कुणाच्या तरी डोळ्यांत आला असता.

ही जोडाजोड वेगवेगळ्या बल्बच्या जुन्या मीटरमध्ये जमते. नव्या मीटरमध्ये दिवे कॉम्प्युटरच्या हुकमानं लागतात, तिथे कुणी दिव्यावर काळी टेप लावतं. मग तो दिवा ऑनला दिसतच नाही. 1 जुलै 2019 पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. त्यानंतरच्या कारमध्ये हा दिवा लागलाच नाही, तर विकणाऱ्याला तिथल्या तिथे विचारा.

बटण स्टार्टच्या गाडीतही हे पाहता येतं. बहुतेक गाड्यांत क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबलं की इंजिन सुरू न होता मीटर जागं होतं. उन्हात काच चमकत असेल तर हातानं सावली करा. आपल्या मे महिन्यात पिवळा दिवा जळतोय की नाही तेच कळत नाही.

एक फसवणूक मात्र या तपासणीत सापडत नाही. एअरबॅगचा कॉम्प्युटर बॅगच्या वायरीचा रेझिस्टन्स मोजतो, जो साधारण दोन-तीन ओहम असतो. बॅगच्या जागी कुणी तेवढाच रेझिस्टर लावला, तर कॉम्प्युटर समाधानी होतो आणि दिवा अगदी वेळेवर विझतो. संशय आला तर बॅग खरंच जागेवर आहे का, हे कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्टिअरिंगचं कव्हर काढूनच पाहावं लागतं. घरी ते खोलू नका, आणि तिथल्या पिवळ्या आवरणाच्या वायरींना टेस्ट लॅम्प तर मुळीच लावू नका. तेवढ्या करंटनंही बॅग तोंडावर फुटू शकते.