नर्लिंगपूर्वीचा व्यास किती ठेवावा?

मित्रहो, सरळ नर्लिंगमध्ये, म्हणजे हाताला पकड यावी म्हणून जॉबवर लांबीच्या दिशेने दाते उठवताना, धातू निघून जात नाही, तर तो सरकतो, ही एकच गोष्ट आज मला आपल्यासमोर नीट मांडायची आहे. कटिंग प्रकारचे नर्लिंग वेगळे. मी बोलतो आहे ते दाब देऊन दाते उठवणाऱ्या नर्लिंगबद्दल.

शिकाऊ असताना मी वीस मिलिमीटरची मूठ बरोबर 20.00 ला टर्न केली आणि एक मिलिमीटर पिचचा, म्हणजे एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंत तेवढे अंतर असलेला, रोलर लावला. दाते सुरेख उठले, पण मूठ तिच्या टोपणात जाईना. मायक्रोमीटरने माथ्यांवर मोजले, तेव्हा व्यास साडेवीसच्या जवळ पोहोचला होता. मग मी कानस घेतली आणि माथे घासले. मूठ आत गेली खरी, परंतु प्रत्येक दात्याच्या डोक्यावर चकाकणारी सपाट पट्टी उमटली आणि हाताला पकड देणारी धारच गेली. तो जॉब भंगारात टाकावा लागला, आणि मला आजही वाटते की व्यास आधी कमी करायला हवा, हे मला यंत्रापाशी उभे करतानाच सांगायला हवे होते.

किती कमी करावा, याचे उत्तर रोलरच्या दात्यातच आहे. दात्याचा कोन 90 अंशांचा असेल, तर पूर्ण दात्याची उंची पिचच्या निम्मी असते. घळीतून दाबला गेलेला धातू शेजारच्या माथ्यात चढतो, म्हणून मूळ पृष्ठभाग त्या उंचीच्या मध्यावर राहतो. म्हणजे त्रिज्या पाव पिचने आणि व्यास अर्ध्या पिचने वाढतो. ही वाढ पिचवर ठरते, जॉब दहाचा आहे की पन्नासचा यावर नव्हे. दाते पूर्ण भरले नाहीत, तर वाढ त्याहून कमी येते.

वेळ संपत आल्याची खूण मला होते आहे, म्हणून मुख्य हिशेब झटपट सांगतो. 20 मधून 0.5 वजा केल्यास 19.5 उरतात, पण त्याचा परिघ 61.26 मिलिमीटर येतो आणि त्यात एक मिलिमीटरचे दाते पूर्ण संख्येने बसत नाहीत. 61 दात्यांसाठी व्यास 61 भागिले पाय, म्हणजे 19.42 हवा, दाते पूर्ण उठल्यावर तो सुमारे 19.92 होतो आणि टोपणात जातो. 62 दात्यांचा 19.74 मात्र 20.24 वर पोहोचेल, म्हणून तो सोडावा.

थोडा फरक रोलर सांभाळून घेतो. जास्त असेल तर दुसऱ्या फेरीत दाते आधीच्या दात्यांच्या मधोमध पडतात आणि अर्ध्या पिचची उथळ, बारीक रेघांची जाळी दिसते. अशा वेळी दाब वाढवून उपयोग होत नाही. तो भाग पुन्हा टर्न करून पुढच्या योग्य व्यासावर, म्हणजे या पिचला 0.32 खाली, 19.10 वर न्यावा आणि पहिल्याच फेरीपासून ठाम दाब द्यावा. त्यावर वाढ धरून 19.60 येतो; टोपणात तेवढी ढिलाई चालते का, हे मात्र टर्न करण्याआधीच पाहावे.