मकबऱ्याआधी पाण्याकडे बघा

मंडळी, विषय ठरला होता ‘मुघल मकबऱ्यांवर निबंध कसा लिहावा’. सत्कार जरा लांबले, त्यामुळे माझ्या वाट्याची मिनिटं आखडली आहेत. तरी एक तक्रार आधी करणारच, कारण ती गेली कित्येक वर्षं उत्तरपत्रिका तपासताना साठलेली आहे.

आपल्याकडचा कुठलाही निबंध ‘बीबी का मकबरा म्हणजे गरिबांचा ताजमहाल’ या वाक्याने सुरू होतो. दुसऱ्या वाक्यात संगमरवर, तिसऱ्यात प्रेम, चौथ्यात निधी संपल्याची हळहळ! (हसू नका, तुमच्यातल्या काहींचे निबंध मीच तपासलेत.) आता दर्शनी भाग ताजवरून घेतलाय, हे मान्य. १६६० च्या सुमारास औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिच्यासाठी हा मकबरा उभा राहिला आणि तो बांधणारा अताउल्ला हा ताजच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. घरचाच वारसा. संगमरवर खाली कमरेच्या उंचीपर्यंत आणि वर घुमटाला, मधल्या बऱ्याच भागात गिलावा, हेही खरं. पण जरा नकाशा काढून बघा. ताजमध्ये बागेच्या मधोमध पाण्याचा हौद आहे आणि मकबरा पार टोकाला, यमुनेच्या काठावर. औरंगाबादला मात्र मकबरा बागेच्या मध्यावर बसलाय. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यातही तसंच आहे, आणि तो ताजच्या कितीतरी आधीचा, १५७० च्या आसपास पूर्ण झालेला. म्हणजे चेहरा ताजचा आणि मांडणी हुमायूनची! मग नुसतं ‘नक्कल’ म्हणून भागेल का? आम्ही मात्र घुमट बघतो, फोटो काढतो आणि गुळगुळीत फरशीवरून घसरत बाहेर पडतो.

पाण्याच्या पाटांनी बागेचे चार चौकोन पाडायचे, या मांडणीचं मूळ इराणात. पासारगाडला, प्राचीन इराणचा बादशहा सायरस याच्या राजवाड्याच्या बागेत, दगडी पन्हळी सापडल्या आहेत. इस्लामच्या हजारएक वर्षं आधीच्या. कोरड्या मुलखात पाणी झाडांपर्यंत न्यायचं, हे त्यामागचं साधं काम. चार नद्यांच्या स्वर्गाचा अर्थ त्या चौकटीला पुढे मिळाला. पायवाटा वाफ्यांपेक्षा उंच असतात त्या याच कामासाठी: कडेच्या पाण्याला वाफ्यात उतरायला उतार मिळतो.

आता ताजची कारंजी. यमुनेचं पाणी बैल लावून मोटेनं वर ओढायचं, उंचावरच्या टाक्यांत साठवायचं आणि जमिनीखालच्या नळांतून बागेत सोडायचं. पण नळ थेट कारंज्याला जोडला तर जवळचं कारंजं उंच उडणार आणि लांबचं नुसतं थुईथुई करणार. दोन्ही बाजू हुबेहूब दिसाव्यात म्हणून एवढा आटापिटा करायचा आणि पाण्यानेच तो उधळायचा! म्हणून प्रत्येक कारंज्याखाली तांब्याचं एक भांडं पुरलेलं आहे. पाणी आधी या भांड्यांत भरतं, दाब सारखा होतो, आणि मगच सगळी कारंजी एकदम, एका उंचीला उठतात. वर दिसणारी सममिती जमिनीखाली घडवलेली आहे. हे एकाही उत्तरपत्रिकेत मला आढळलं नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, निबंध.

‘चारही बाजूंनी सममिती आहे’ असं लिहू नका. ताजचा पूर्ण आवार घेतला तर आरसा एकाच रेषेवर उभा आहे, दरवाजापासून थडग्यापर्यंत. डावं-उजवं जुळतं, पुढचं-मागचं जुळत नाही. तेव्हा ती रेषा धरून चालत लिहा: ‘दरवाजातून आत येताच समोर अरुंद कालवा दिसतो, मध्यावर हौद त्याला अडवतो, आणि त्याच रेषेच्या टोकाला मकबरा उभा आहे.’ एवढ्यात वाचक चालायला लागतो; ‘भव्य’ हा शब्द लागलाच नाही.

मग सममिती कुठे सक्तीची आहे ते सांगा. पश्चिमेला मशीद आहे, म्हणून पूर्वेला तशीच इमारत, जिला जवाब म्हणतात. आत मक्केची दिशा दाखवणारा मिहराबाचा कोनाडा नाही, कारण तिथे नमाज नाही. ती तोल साधायला बांधली. आणि सममिती मोडते कुठे? मुमताजचं थडगं बरोबर मधोमध, शाहजहानचं नंतर तिच्या पश्चिमेला ठेवलेलं, आकाराने मोठं. सगळ्या आवारात मधली रेषा न पाळणारी ठळक वस्तू तीच, आणि ती बादशहाची!

शेवटचं, आणि मग खाली बसतो. हिरवळीचं कौतुक मुघलांच्या नावावर खपवू नका. आजची कापलेली हिरवळ इंग्रजी अमदानीतली आहे; मूळ बागेत फुलझाडं आणि फळझाडं दाट होती. हिरवळीवर लिहायचंच असेल तर कर्झनच्या नावाने लिहा, मी गुण कापणार नाही.