आधी पेढे, मग विचारणा

श्रोतेहो, नमस्कार.

वर्षाचं मूल्यमापन मार्चअखेर आटोपतं आणि मे-जून उजाडला की कंपन्यांमधून बढतीची पत्रं बाहेर पडू लागतात. काही ठिकाणी तर जुलैही उजाडतो. मग आपल्या फोनवर बातम्या येतात. जुन्या ऑफिसातल्या ताई मॅनेजर झाल्या, शेजारच्या टेबलावरचा मित्र टीम लीडर झाला. आपण स्वतः नोकरी बदलायच्या विचारात असलो, तर अशी बातमी वाचताना मनात दोन गोष्टी एकदम येतात. एक, बरं झालं. दोन, आता यांच्याकडे आपल्यासाठी काही असेल का?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या एका निरोपात घालू नयेत. अभिनंदन आज, विचारणा महिना-दीड महिन्याने. हे वाक्य मी अधूनमधून पुन्हा म्हणणार आहे, कारण रेडिओवर मागचं पान उलटून बघता येत नाही.

माझ्या भाच्याची हकिगत सांगतो. मेकॅनिकल डिप्लोमा केलेला हा मुलगा चाकणला एका पुरवठादार कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. गाड्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट तिथे तयार होतात. पूर्वी तिथे त्याच्यावर एक शिफ्ट इंचार्ज होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे. ते पुढे रांजणगावच्या एका मोठ्या कंपनीत गेले. संपर्क राहिला तो दिवाळीच्या शुभेच्छांपुरता. मे महिन्यात जुन्या कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी आली, दादा डेप्युटी मॅनेजर झाले. मग ग्रुपवर फुलांचे गुच्छ, फुगे, टाळ्या वाजवणारे हात यांची झुंबड उडाली. (ही हलणारी फुलं पाठवणाऱ्यांबद्दल माझं मत फार चांगलं नाही. निदान दोन शब्द तरी स्वतःच्या बोटांनी टाइप करावेत. असो.)

मी त्या दिवशी बहिणीकडे जेवायला होतो. ताट पुढ्यात, भाच्याच्या हातात फोन आणि बहीण मागे उभी राहून सांगतेय, "तवा तापलाय, पोळी भाजून घे." त्यानं लिहिलेला मजकूर वाचून दाखवला. "अभिनंदन दादा! तुमच्याकडे माझ्यासाठी काही ओपनिंग असेल तर प्लीज बघा. सीव्ही जोडतोय."

मी म्हटलं, अरे, हे दादांनी वाचलं तर पहिला शब्द ते विसरतील, लक्षात राहील तो सीव्ही. तू मला एवढं सांग, दादांकडून तू शिकलास काय? तो जरा थांबला, मग सुरू झाला. एका रात्रपाळीत ब्रॅकेटची भोकं जागेवरून सरकत होती. माल बाजूला पडत होता आणि सगळे प्रेसवरच्या ऑपरेटरवर ओरडत होते. दादा आले, कुणाला काही बोलले नाहीत. त्यांनी पत्रा जागेवर धरून ठेवणारं फिक्सचर उघडायला लावलं आणि आतली लोकेटिंग पिन काढून सगळ्यांसमोर धरली. पिन एका बाजूने झिजली होती. पत्रा नीट बसतच नव्हता, ऑपरेटर बिचारा काय करणार?

म्हटलं, हेच लिही. त्यानं ग्रुपवर न लिहिता दादांना स्वतंत्र लिहिलं: "दादा, आज ग्रुपवर वाचलं. मनापासून अभिनंदन. त्या रात्री ब्रॅकेटची भोकं सरकत होती, तेव्हा तुम्ही झिजलेली पिन काढून दाखवली होतीत. मी अजूनही काही बिघडलं की आधी फिक्सचर बघतो. पेढे बाकी आहेत." बस्स. जागा नाही, सीव्ही नाही, "कधी वेळ असेल तर" नाही. बहीण कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी रात्री दादांचा आवाजी निरोप आला, चांगला लांबलचक. आधी हसले, तो ऑपरेटर आता कुठे आहे ते सांगितलं. मग म्हणाले, "पेढे कसले, सध्या दोन खुर्च्यांवर बसतोय. माझं जुनं काम कुणाला द्यायचं ते अजून ठरलेलं नाही, आणि आयएटीएफचं ऑडिट तोंडावर आलंय." श्रोतेहो, न विचारता त्यांनी काय सांगितलं बघा. जुनी खुर्ची रिकामी आहे, निर्णय व्हायचाय आणि सध्या डोक्यावर आयएटीएफचं, म्हणजे वाहन उद्योगातल्या दर्जाच्या मानकाचं ऑडिट आहे. बढती मिळालेला माणूस या काळात मोकळेपणाने बोलतो. मात्र त्याला बोलावंसं वाटलं पाहिजे.

बहिणीचा पुन्हा आग्रह सुरू झाला, आता तरी विचार. भाच्यानं एवढंच लिहिलं, "आधी ऑडिट पार पडू द्या दादा, मग निवांत बोलू." आणि थांबला.

सहाएक आठवडे गेले. जुलैत त्यानं विचारलं, "ऑडिट कसं झालं?" दादा म्हणाले, बरं झालं, किरकोळ दोन शेरे आले. मग भाच्यानं दुसरा निरोप टाकला, तोही नीट ऐका: "दादा, पाच वर्षं पुरवठादाराच्या बाजूने काम केलं. आता मोठ्या कंपनीत सप्लायर क्वालिटीकडे जायचा विचार आहे. तुमच्याकडे त्या कामासाठी माणूस घेताना काय बघतात, ते दहा मिनिटं फोनवर सांगाल का? रविवार चालेल." सप्लायर क्वालिटी म्हणजे पुरवठादारांकडून येणाऱ्या मालाचा दर्जा सांभाळणारं काम. इथेही "मला घ्या" असं नाही. जे दादांना ठाऊक आहे आणि जे सांगायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही, तेवढंच मागितलं.

दहा मिनिटांचा फोन बराच वेळ चालला. दादांनी सांगितलं की मुलाखतीत तोंडी उत्तरांपेक्षा कागद बोलतात. नवीन पार्ट मंजूर करून घेताना पीपीएपीची, म्हणजे मंजुरीच्या कागदपत्रांची फाइल तू स्वतः केलीस का, ग्राहकाची तक्रार आली तेव्हा एट-डी रिपोर्टमध्ये, म्हणजे तक्रारीच्या चौकशीच्या अहवालात मूळ कारण तू शोधलंस की "ऑपरेटरला समज दिली" एवढं लिहून सोडून दिलंस, ते विचारतात. शेवटी म्हणाले, "एक कर. पोर्टलवर स्वतः अर्ज टाकू नकोस. जागा निघाली की आधी माझ्याकडून नाव जाऊ दे."

ही शेवटची गोष्ट अनेकांना माहीत नसते, म्हणून पुन्हा सांगतो. बऱ्याच कंपन्यांत उमेदवाराचा अर्ज एकदा स्वतःहून संगणकात गेला की त्यानंतर कर्मचाऱ्याने केलेली शिफारस धरत नाहीत. म्हणून ओळखीच्या माणसाशी बोलणं आधी, अर्ज नंतर.

पुढे झालं असं की दादांची जुनी खुर्ची भाच्याला मिळाली नाही. कंपनीने आधी आतल्या लोकांना विचारलं आणि आतलाच एक जण तिथे गेला. पण त्या माणसाची खुर्ची रिकामी झाली, ती होती सप्लायर क्वालिटीतली. तिच्यासाठी दादांनी भाच्याचं नाव पाठवलं. मुलाखत दुसऱ्याच लोकांनी घेतली, दादा त्या खोलीत नव्हते. पुढचं यश त्याचं त्यानं मिळवलं. दोन महिन्यांचा नोटिस पीरियड भरून तो दिवाळीच्या आधी तिकडे रुजू झाला.

तर थांबायचं का, याचं कारण या हकिगतीतच आहे. बढती झाली की एक खुर्ची मोकळी होते, ती भरताना दुसरी, मग तिसरी. हे सगळं हलायला आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात त्या माणसालाच माहीत नसतं की आपल्या हाताखाली किती जागा आहेत आणि त्या भरायला मंजुरी आहे का. तेव्हा विचारलं की तो प्रामाणिकपणे "सध्या काही नाही" म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. पुढे जागा निघते, पण एकदा नाही म्हटलेल्या माणसाला आठवणीने फोन कोण करतो? म्हणून अभिनंदन आज, विचारणा महिना-दीड महिन्याने.

आणि दिवाळीपुरत्या ओळखीला कमी लेखू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी 1973 साली ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांची छोटी पाहणी मांडली होती. त्यात शंभरातल्या साधारण 17 जणांनाच नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून नोकरीची माहिती मिळाली होती. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळली होती. कारण सरळ आहे. रोज भेटणाऱ्याला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं.

काही ठिकाणी मात्र जपायला हवं. लिंक्डइनवर "नवीन पद" असं दिसलं म्हणून बढतीच झाली असं धरू नका. कधी माणूस जुनी माहिती नुसती दुरुस्त करतो, कधी ते नोकरीला वर्ष पूर्ण झाल्याचं कळवणं असतं. नीट वाचा, शंका असेल तर एखाद्या सामाईक ओळखीच्याला विचारा. आणि तिथलं तयार अभिनंदनाचं बटण दाबून मोकळं होऊ नका, त्याला उत्तर म्हणून अंगठाच येतो. कधी बढतीबरोबर नको असलेली बदलीही येते. मुलांची शाळा इथे आणि ऑर्डर नागपूरची, अशा माणसाला पेढे मागितले तर तो आतून चिडतो. (पेढ्यांची जागा आता ऑफिसात केकने घेतलीय, तेही मला पटत नाही. पेढा डब्यात घालून घरच्यांसाठी नेता येतो, केकचं क्रीम फाइलींना लागतं.) बरीच वर्षं बोलणं झालेलं नसेल, तर पहिल्याच ओळीत आपण कोण, कुठे बरोबर होतो ते सांगा. नंबर बदललेले असतात आणि समोरच्याला "कोण?" असं विचारायला संकोच वाटतो.

आणि थांबण्याचा हा नियम एका प्रसंगी सरळ बाजूला ठेवा. त्याच कंपनीची जाहिरात आलेली आहे, अर्जाची शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारी आहे आणि बढतीची बातमी आजच कळली, तर महिनाभर वाट बघण्यात काही शहाणपणा नाही. फोन करा, अभिनंदन करा आणि त्याच फोनवर उघडपणे सांगा, "जाहिरात बघितली, शुक्रवारी मुदत संपतेय, म्हणून आजच विचारतोय." कारण सांगितलं की घाई खटकत नाही. उत्तर "नाही" आलं, तर मात्र मुदतीच्या आत स्वतः अर्ज टाका आणि तसं त्यांना कळवून ठेवा, म्हणजे त्यांनी पुढे नाव पाठवलं तर गोंधळ व्हायचा नाही.

नमस्कार.